अंबरनाथचा पिनकोड आणि ‘बहुधा मूळ’ संख्या

या भागाची ही लिखित आवृत्ती. आकडे नुसते कानाने धरून ठेवणं अवघड असतं, म्हणून ऑडिओत जी गणितं भराभर सांगितली ती इथे सावकाश मांडली आहेत. मोबाइलचा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, दोन-तीन ठिकाणी लागेल.

सुरुवात आपल्याच लाइनपासून करू. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेला निघालं की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्टेशनं लागतात. त्यांचे पिनकोड घेऊ. उल्हासनगरचे ४२१००१ आणि ४२१००३, अंबरनाथचा ४२१५०१, बदलापूरचा ४२१५०३. प्रश्न असा, की यातली मूळ संख्या कोणती? मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही ती.

बदलापूर लगेच बाद होतं. अंकांची बेरीज १५, म्हणजे ३ ने भाग जातो. ४२१००१ ला ७ ने भाग जातो, ४२१००३ ला ११ ने. राहिला अंबरनाथचा ४२१५०१. त्याला ३ ने भाग जात नाही, ७ ने नाही, ११ ने नाही, १३ नेही नाही. शाळेत शिकवलेल्या पद्धतीने गेलो तर या संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६४९ पर्यंत, येणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायला हवं. अशा संख्या ११८ आहेत. चिकाटी असेल तर कुर्ला ते अंबरनाथ प्रवासात होऊन जाईल.

आता दुसरी गोष्ट. एखादा व्यापारी जीएसटी भरायला डिजिटल सहीचं यूएसबी टोकन घेतो. अशा टोकनमध्ये बहुतेक वेळा २०४८ बिटांची आरएसए चावी असते. ती चावी बनवायला दोन मूळ संख्या लागतात, प्रत्येकी १०२४ बिटांच्या, म्हणजे सुमारे ३०९ अंकी. अंबरनाथचा आकडा सहा अंकी होता तर ११८ भागाकार लागले. इथे वर्गमुळच १५४-१५५ अंकी आहे. जगातले सगळे संगणक एकत्र लावले तरी इतके भागाकार कधीच पुरे होणार नाहीत. आणि तरीही एक साधा लॅपटॉप अशी चावी सेकंदाच्या आसपास तयार करतो.

हे कसं होतं, आणि त्यासाठी गणितज्ञांना ‘नक्की’ हा शब्द सोडून ‘बहुधा’ हा शब्द का स्वीकारावा लागला, ही आजची गोष्ट.

फर्माचा छोटा नियम

गोष्ट १६४० सालची. फ्रान्समधला पिएर द फर्मा हा पेशाने कायद्याच्या क्षेत्रातला माणूस, गणित फावल्या वेळात करायचा. त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात एक नियम कळवला. आपल्या भाषेत तो असा: एखादी संख्या मूळ असेल, तर तिच्याहून लहान कोणतीही संख्या घ्या. मूळ संख्येतून एक वजा करून जे येईल, तितका तिचा घात करा. त्या घाताला मूळ संख्येने भागलं की बाकी नेहमी १ उरते.

७ घेऊन बघा. २ चा सहावा घात ६४. ६४ भागिले ७, बाकी १. बरोबर. आता ९ घ्या. २ चा आठवा घात २५६. त्याला ९ ने भागलं की बाकी ४ उरते. १ उरली नाही, म्हणजे ९ मूळ नाही.

इथे जरा थांबा, कारण पुढची सगळी गोष्ट या एका निरीक्षणावर उभी आहे. ९ मूळ नाही हे आपण सिद्ध केलं, पण त्याचे अवयव शोधलेच नाहीत. ३ × ३ हे आपण कुठे लिहिलंच नाही. बाकी चुकली, एवढ्यावर गुन्हा सिद्ध झाला. म्हणजे एखादी संख्या फुटते हे कळणं वेगळं आणि ती कशी फुटते हे कळणं वेगळं. पहिलं काम सोपं आहे, दुसरं भयंकर अवघड. आरएसए या दोघांमधल्या फरकावर जगतं.

पण घात काढणं तरी सोपं आहे का? २ चा ४,२१,५०० वा घात लिहायला बसलो तर लाखाहून जास्त अंक होतील. युक्ती अशी, की पूर्ण घात कधीच लिहायचा नाही. एकदा वर्ग करायचा, लगेच बाकी काढायची, पुन्हा त्या बाकीचा वर्ग, पुन्हा बाकी. दर वर्गाला घातांक दुप्पट होतो, अधूनमधून २ ने एकदा गुणलं की विषम घातांकही जुळतो. उरणारी बाकी सहा अंकांच्या वर जातच नाही. लाखो गुणाकारांच्या जागी वीसेक वर्गांत काम होतं. आणि १०२४ बिटांच्या संख्येला? साधारण हजार वर्ग. मोबाइलच्या चिपला हे किरकोळ आहे.

मग झालं की काम? नाही झालं. मध्ये एक टॅक्सी उभी आहे.

१७२९ फसवते

हार्डी आजारी रामानुजनना भेटायला पुटनीला गेले, ती १७२९ नंबरची टॅक्सी सगळ्यांना माहीत आहे. दोन घनांची बेरीज दोन वेगवेगळ्या प्रकारे होणारी सगळ्यात लहान संख्या, असं रामानुजननी लगेच सांगितलं. देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांच्या यादीतही ही संख्या बसते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद संख्या’ असं नाव दिलं होतं. १ + ७ + २ + ९ = १९, आणि १७२९ म्हणजे १९ × ९१. पुढे ९१ म्हणजे ७ × १३. तेव्हा १७२९ = ७ × १३ × १९. मूळ संख्या तर मुळीच नाही.

आता फर्माची परीक्षा घ्या. २ चा १७२८ वा घात, भागिले १७२९. बाकी १. पास! ३ घेऊन बघा, बाकी १. ५ घेऊन बघा, तरी १. ७, १३ किंवा १९ च्या पटीतली संख्या चुकून हाती लागली तरच ही पकडली जाते. १ ते १७२८ पर्यंतच्या संख्यांपैकी १२९६ संख्या हिच्या बाजूने खोटी साक्ष देतात.

अशा ढोंगी संख्यांना कारमायकल संख्या म्हणतात. अमेरिकेच्या रॉबर्ट कारमायकलने १९१० मध्ये त्यांच्यावर लिहिलं, म्हणून त्याचं नाव. सगळ्यात लहान ५६१ आहे. त्या मोजक्याच असतील अशी आशा असेल तर तीही १९९४ मध्ये मावळली. अल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पोमरन्स यांनी त्या अनंत आहेत हे सिद्ध केलं. शेकडो अंकी कारमायकल संख्येचे सगळे अवयवही प्रचंड असले, तर खोटं न बोलणारा साक्षीदार हाती लागण्याची आशा जवळजवळ शून्य.

वर्गमुळाची चोरवाट

इलाज सापडला तो १९७० च्या दशकात. अमेरिकेच्या गॅरी मिलरने १९७६ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशी नववीच्या बीजगणितातली एक गोष्ट आहे.

समजा, एखाद्या संख्येच्या वर्गाला मूळ संख्येने भागलं आणि बाकी १ आली. म्हणजे वर्ग वजा १ याला त्या मूळ संख्येने पूर्ण भाग जातो. पण वर्ग वजा १ म्हणजे (संख्या − १) × (संख्या + १). मूळ संख्या फुटू शकत नाही, त्यामुळे ती या दोन कंसांपैकी एकाला तरी अख्खी भागणार. म्हणजेच वर्ग करण्याआधीची बाकी १ असली पाहिजे, नाहीतर मूळ संख्येपेक्षा एकने कमी. तिसरी शक्यता नाही. तिसरं काही दिसलं, की समोरची संख्या मूळ नाही. विषय संपला.

१७२९ ला या पद्धतीने धरू. १७२८ ला २ ने भागत जा: ८६४, ४३२, २१६, १०८, ५४, २७. इथे विषम संख्या आली, थांबायचं. आता उलटं चढायचं. २ चा २७ वा घात १३,४२,१७,७२८. त्याला १७२९ ने भागलं की बाकी ६४५. त्याचा वर्ग केला, बाकी १०६५. त्याचा वर्ग केला, बाकी १.

पकडली! १ येण्याआधी १०६५ होती. १ नाही, १७२८ पण नाही. तिसरीच कोणीतरी. फर्माची परीक्षा फक्त शेवटची बाकी बघायची, मिलरची परीक्षा १ पर्यंत कोणत्या वाटेने आलात ते विचारते. आणि गंमत बघा: १०६५ च्या शेजारच्या दोन संख्या १०६४ आणि १०६६. १०६४ मध्ये ७ आणि १९ लपले आहेत, १०६६ मध्ये १३. चोराने पळताना मुद्देमालही टाकला. मात्र असं दर वेळी होत नाही. बहुतेक संयुक्त संख्या फर्माच्या नियमातच नापास होतात आणि अवयवांचा पत्ता लागू देत नाहीत.

१७२९ साठी १२९६ खोटे साक्षीदार होते, ते या कडक परीक्षेत १६२ च उरतात.

आता अंबरनाथ. ४२१५०० ला दोनदा निम्मं केलं की १०५३७५ ही विषम संख्या मिळते. २ चा तितका घात घ्यायचा आणि ४२१५०१ ने भागून बाकी काढायची. पायथॉनमध्ये तीन ओळी:

```python
n = 421501
x = pow(2, 105375, n)
print(x, x * x % n)
```

उत्तर येतं:

```
39863 421500
```

पहिली बाकी ३९८६३. तिचा वर्ग केला की बाकी ४२१५००, म्हणजे बरोबर एकने कमी. पुढचा वर्ग १ देणार. वाट एकदम सरळ. विश्वास नसेल तर कॅल्क्युलेटर काढा: ३९८६३ चा वर्ग १५८९०५८७६९, आणि ४२१५०१ × ३७७० = १५८९०५८७७०. फरक एकाचा.

अंबरनाथ पास. पण पास म्हणजे मूळ हे सिद्ध झालं का? अजून नाही. एका साक्षीदाराने कॅरेक्टर सर्टिफिकेट दिलंय, इतकंच.

फासा टाकणारा राबिन

मिलरने म्हटलं होतं की अमुक इतके पाये तपासले की उत्तर नक्की. पाया म्हणजे ज्याचा घात करतो ती संख्या, आपल्या उदाहरणातला २. पण त्याची खात्री रीमानच्या गृहीतकाच्या एका विस्तारित रूपावर उभी होती, आणि ते आजही सिद्ध झालेलं नाही.

इस्रायलच्या मायकेल राबिनने ती अट काढून टाकली आणि तिच्या जागी फासा ठेवला. त्याने सिद्ध केलं की कोणतीही विषम संयुक्त संख्या घ्या, तिच्यासाठी खोटं बोलणारे पाये जास्तीत जास्त एक चतुर्थांश असतात. यात कोणतंही गृहीतक नाही आणि कारमायकल संख्यांना सूटही नाही. म्हणजे पाया यदृच्छेने, चिठ्ठी काढल्यासारखा निवडला, तर संयुक्त संख्या एका फेरीत निसटण्याची शक्यता फार तर चारात एक. दोन फेऱ्यांत सोळात एक. दहा फेऱ्यांत दहा लाखांत एकाहूनही कमी. त्याने १९७६ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा २ चा ४०० वा घात वजा ५९३, ही १२१ अंकी संख्या मूळ असल्याचं या पद्धतीने दाखवलं होतं. पूर्ण सिद्धता असलेला त्याचा निबंध १९८० चा. रॉबर्ट सोलोवे आणि फोल्कर श्ट्रासेन यांची अशीच, थोड्या वेगळ्या नियमावरची परीक्षा १९७७ मध्ये छापून आली.

वेळ कशी जुळून आली बघा. त्याच १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए बनवलं. त्यांना प्रत्येक चावीमागे दोन नव्या, कोणालाही माहीत नसलेल्या प्रचंड मूळ संख्या हव्या होत्या. छापील यादीतल्या चालणार नाहीत, कारण यादी चोराकडेही असते. १९७८ च्या त्यांच्या निबंधात शंभर-शंभर अंकी मूळ संख्या घ्या आणि सोलोवे-श्ट्रासेनची परीक्षा वापरा, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ‘बहुधा मूळ’ हा शब्द आरएसएच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे. पुढे मिलर-राबिनने ती जागा घेतली, कारण ती सोपी आणि जास्त कडक आहे.

चावी बनताना आत काय चालतं

१०२४ बिटांची मूळ संख्या हवी असेल तर संगणक आधी १०२४ यदृच्छ बिट घेतो. संख्या पुरेशी मोठी राहावी म्हणून वरची टोकाची बिटं १ करतो, विषम व्हावी म्हणून शेवटचं बिट १ करतो. मग चाळणी. ३, ५, ७, ११ अशा लहान मूळ संख्यांनी भाग जातो का ते बघायचं, जसं आपण बदलापूर आणि उल्हासनगर क्षणात बाद केलं. त्यातून जी टिकेल तिच्यावर मिलर-राबिन.

किती वेळा प्रयत्न करावा लागतो? एवढ्या मोठ्या आकड्यांच्या परिसरात साधारण ७१० संख्यांमागे एक मूळ असते. नुसत्या विषम घेतल्या तर ३५५ मागे एक. हजाराच्या आतल्या मूळ संख्यांची चाळणी लावली की त्या ३५५ पैकी सुमारे ६० च उरतात. त्यातली प्रत्येक संयुक्त संख्या बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत आडवी होते, त्यामुळे जास्त फेऱ्यांचा खर्च फक्त शेवटच्या, टिकलेल्या संख्येवर होतो. ‘सेकंदाच्या आसपास’चं रहस्य हेच.

हे डोळ्यांनी बघता येतं. मोबाइलवर टर्मक्समध्ये ओपनएसएसएल ३ टाका आणि चालवा:

```
openssl genrsa -verbose -out chavi.pem 2048
openssl prime 421501
```

पहिल्या कमांडनंतर स्क्रीनवर ठिपके आणि अधिकची चिन्हं पळताना दिसतील. ओपनएसएसएलच्या माहितीपानानुसार एक ठिपका म्हणजे चाळणीतून पार झालेली एक संख्या, एक अधिक म्हणजे मिलर-राबिनची पास झालेली एक फेरी. ठिपके पुष्कळ, मग एकदम अधिकची रांग. ती रांग म्हणजे मूळ संख्या सापडली. दोन मूळ संख्या हव्यात, म्हणून हे एकाहून जास्त वेळा होतं. पुन्हा चालवाल तर ठिपक्यांची संख्या दर वेळी वेगळी येईल. दुसरी कमांड अंबरनाथबद्दल सांगते:

```
66E7D (421501) is prime
```

ओपनएसएसएलची सर्वसाधारण तपासणी २०४८ बिटांपर्यंतच्या संख्येला ६४ फेऱ्या देते. संयुक्त संख्या त्या सगळ्यांतून सुटण्याची शक्यता ४ च्या ६४ व्या घातात एक, म्हणजे दशांश चिन्हानंतर ३८ शून्यं आणि मग ३. त्याआधी मेमरीतलं एखादं बिट आपोआप उलटून हिशोब चुकण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

ठरलेल्या जिन्यावरचा टीसी

मग धोका कुठे? धोका ‘यदृच्छ’ या शब्दात आहे.

२०४७ घ्या. ही २३ × ८९ आहे. हिच्यावर पाया २ ने मिलर-राबिन लावा. २०४६ चं निम्मं १०२३, विषम. आता २ चा ११ वा घात २०४८, म्हणजे २०४७ ने भागल्यावर बाकी १. आणि १०२३ = ११ × ९३. त्यामुळे २ च्या १०२३ व्या घाताचीही बाकी १. पास! पाया ३ घेतला असता तर पकडली गेली असती. २ आणि ३ दोघांनाही फसवणारी सगळ्यात लहान संख्या १३,७३,६५३ आहे. अंबरनाथचा आकडा त्याच्या खूप आत येतो, म्हणून दोन्ही पायांवर पास झाला की तो नक्की मूळ. लहान आकड्यांना हे चालतं.

मोठ्यांना चालत नाही. पाये आधीच ठरलेले आणि सगळ्यांना माहीत असतील, तर फसवणारा माणूस खास त्या पायांना चकवणारी संख्या घडवू शकतो. फ्रान्सच्या फ्रान्स्वा आर्नोने १९९५ मध्ये ३९७ अंकी कारमायकल संख्या बांधून दाखवली, जी ३०७ च्या आतल्या प्रत्येक मूळ पायावर पास होते. म्हणजे साठेक फेऱ्या पास, आणि तरी संयुक्त. टीसी रोज एकाच जिन्यावर उभा राहिला की फुकटे दुसऱ्या पुलावरून जातात, तसंच. टीसी कुठे उभा असेल ते कोणालाच माहीत नसेल, तरच ‘चारात एक’चा हिशोब खरा.

हे कागदावरच राहिलं नाही. २०१८ मध्ये अल्ब्रेख्त, मासिमो, पॅटरसन आणि सोमोरोव्स्की यांनी वापरातल्या लायब्ररी तपासल्या. काही ठिकाणी पाये ठरलेले होते, काही ठिकाणी फेऱ्या फारच कमी. अशा लायब्ररींनी त्यांच्या मुद्दाम घडवलेल्या संयुक्त संख्या मूळ म्हणून स्वीकारल्या. इथे एक बारकावा आहे. आपणच यदृच्छ निवडलेली संख्या तपासताना थोड्या फेऱ्या पुरतात, कारण अशा सहज हाती आलेल्या संयुक्त संख्या क्वचितच इतक्या धूर्त असतात. दुसऱ्याने पाठवलेली संख्या तपासताना मात्र तो मुद्दाम फसवतोय असं धरूनच चालायचं. पाये यदृच्छ हवेत आणि फेऱ्या भरपूर.

यदृच्छ बिटांची दुसरी गरज परीक्षेच्याही आधीची आहे, संख्या निवडताना. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक चाव्या गोळा केल्या आणि दोन-दोन चाव्यांचा मसावि काढला. हो, सहावीतला मसावि. आपल्या लहान आकड्यांत बघा: एक चावी ९१, दुसरी २४७. मसावि १३. झालं, ९१ = ७ × १३ आणि २४७ = १३ × १९, दोन्ही फुटल्या. त्यांच्या तपासणीत सुमारे अर्धा टक्का सुरक्षित सर्व्हरांच्या खासगी चाव्या अशा हाती लागल्या. बहुतेक राउटर आणि फायरवॉलसारखी लहान यंत्रं. पहिल्यांदा चालू होताना त्यांच्याकडे पुरेशी यदृच्छता नसते, म्हणून दोन यंत्रांनी तीच मूळ संख्या निवडली होती. प्रत्येक संख्या खरोखर मूळ होती. मिलर-राबिन बरोबरच होतं. ते फक्त ‘मूळ आहे का’ विचारतं, ‘गुप्त आहे का’ हे त्याला कळत नाही.

कानपूरचं उत्तर

आता तुम्ही विचाराल, ‘बहुधा’ काढून ‘नक्की’ लावता येत नाही का? येतं, आणि ते उत्तर भारतातून आलं. ऑगस्ट २००२, आयआयटी कानपूर. प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. दोघांनी त्याच वर्षी बीटेक पूर्ण केलं होतं, आणि हा त्यांच्या बीटेक प्रोजेक्टचाच विषय होता. त्याआधी रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या विद्यार्थ्यांनी याच वाटेवर प्रोजेक्ट केला होता. या तिघांनी दाखवलं की फासा न टाकता, कोणतंही न सुटलेलं गृहीतक न वापरता, संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळेत नक्की सांगता येतं. वाजवी म्हणजे अंकांची संख्या वाढली तरी वेळ आवाक्यात राहतो, हाताबाहेर स्फोट होत नाही. शतकानुशतकांचा प्रश्न सुटला. निबंध २००४ मध्ये ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापला गेला आणि २००६ मध्ये त्याला ग्योडेल पुरस्कार मिळाला.

पण ओपनएसएसएलने मिलर-राबिन सोडलं नाही. कारण हिशोबाचं आहे. अंकांची लांबी दुप्पट केली की मिलर-राबिनच्या एका फेरीचा वेळ साध्या गुणाकाराच्या पद्धतीने साधारण आठपट होतो. एकेएसचा, सुधारलेल्या रूपातही, सुमारे चौसष्टपट. १०२४ बिटांवर एक फेरी मिलिसेकंदांत आटोपते, एकेएस तिथे वापरण्याजोगं राहत नाही. कानपूरच्या निबंधाने प्रश्नाचा स्वभाव सांगितला, रोजच्या कामाचं हत्यार बदललं नाही. जिथे लेखी सिद्धता हवीच असते तिथे तिसरीच, लंबवर्तुळी वक्रांवरची पद्धत वापरतात.

आणखी एक गोष्ट, म्हणजे गैरसमज नको. तुमचा मेसेज दर वेळी नवीन मूळ संख्या शोधून जात नाही. वॉट्सअॅपसारख्या ॲपमध्ये ‘कर्व्ह२५५१९’ वापरतात. तिथली मूळ संख्या, २ चा २५५ वा घात वजा १९, सगळ्यांना एकच आणि जाहीर आहे. गुप्त असतो तो दुसराच आकडा. मूळ संख्यांचा शोध लागतो आरएसएला: डिजिटल सहीच्या टोकनला, अनेक वेबसाइटच्या सर्टिफिकेटला, आपण सर्व्हरवर लॉगिन करायला बनवतो त्या आरएसए चावीला.

तेव्हा पुढच्या वेळी अशी चावी बनवताना स्क्रीनवर ठिपके पळताना दिसले, तर ते काय मोजतायत हे तुम्हाला ठाऊक असेल. तोवर तुमचा पिनकोड घ्या, एक वजा करा, विषम येईपर्यंत निम्मा करत जा आणि वरच्या तीन ओळी त्याप्रमाणे बदलून चालवा. विषम संख्येच्या घाताची बाकी १ किंवा एकने कमी आली, किंवा पुढे वर्ग करत जाताना एकने कमी दिसली, तर पास. नंतर पाया ३ घेऊनही बघा. सगळे पिनकोड १३,७३,६५३ च्या आत असल्याने, आणि तुमचा विषम असेल तर, दोन्हींत पास झाला की तो नक्की मूळ. तुमच्या गावाचा आकडा कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात.